न टोचलेले ४५ युनिट

‘सिस्टरच्या निष्काळजीपणामुळे इन्सुलिनचा चुकीचा डोस भरला गेला. डोस देण्यापूर्वी चूक लक्षात आली. रुग्णास कोणताही त्रास झालेला नाही. संबंधित सिस्टरना समज देण्यात आली असून यापुढे काळजी घेतली जाईल.’

वॉर्डात काम केलेल्या कुणालाही हा मजकूर ओळखीचा वाटेल. चार वाक्ये, खाली इन्चार्ज सिस्टरची सही, वर मेट्रन ऑफिसचा शिक्का, आणि फाइल बंद. हाच कागद सहा महिन्यांनी दुसऱ्या कुणी वाचायला घेतला, तर त्याच्या हाती काय लागेल? डोस किती द्यायचा होता, किती भरला, कशातून भरला, चूक कुणाच्या आणि कशामुळे लक्षात आली, यातले काहीही त्यात नाही. कुणीतरी एक सिस्टर निष्काळजी होती, एवढीच माहिती मिळते. त्या सिस्टरची बदली झाली, तरी नेमकी तीच घटना त्याच वॉर्डात, त्याच ट्रॉलीवर पुन्हा घडू शकते आणि ती कशी रोखायची हे या कागदावरून कुणालाच सांगता येणार नाही.

रुग्णापर्यंत पोहोचण्याआधी अडलेल्या अशा चुकीला रुग्णालयात ‘निअर मिस’ म्हणतात. खरे तर अहवाल लिहायला इतकी सोयीची घटना दुसरी नाही. रुग्ण ठणठणीत असतो, नातेवाईक चिडलेले नसतात, पोलीस आलेले नसतात आणि भरलेली सिरिंज अजून ट्रेमध्ये असते. तरीही बहुतेक निअर मिस एक तर ‘वाचलो बुवा’ म्हणून सोडून दिल्या जातात, नाही तर वरच्यासारख्या चार वाक्यांत गुंडाळल्या जातात. अहवाल तथ्यांना धरून आणि कुणावर ठपका न ठेवता कसा लिहावा, हे इन्सुलिनच्या एका उदाहरणावरून नीट पाहता येते. उदाहरणातले रुग्णालय आणि माणसे नमुन्यादाखल रचलेली आहेत. त्यातल्या वस्तू, आकडे आणि धोका मात्र आपल्याकडच्या वॉर्डांत रोज असतो तोच आहे.

आधी तो धोका. भारतात इन्सुलिन मुख्यतः दोन ताकदींचे मिळते. काचेच्या १० एमएलच्या व्हायलमध्ये बहुधा दर एमएलला ४० युनिट असतात, तर पेनमध्ये बसवायच्या ३ एमएलच्या कार्ट्रिजमध्ये दर एमएलला १०० युनिट. सिरिंजही त्यामुळे दोन प्रकारच्या: ४० च्या इन्सुलिनसाठी लाल टोपीची आणि १०० च्या इन्सुलिनसाठी नारिंगी टोपीची. या सिरिंजवरच्या रेघा एमएलच्या नसून युनिटच्या असतात, म्हणजे भरणाऱ्याला गणित करावे लागत नाही. सोय आहे खरी, पण सापळाही तिथेच आहे. रेघ खरे बोलते ती जोडीचे इन्सुलिन आत असेल तरच. लाल टोपीच्या सिरिंजमध्ये १८ च्या रेघेपर्यंत द्रव घेतला की तो ०.४५ एमएल भरतो. व्हायलमधले इन्सुलिन असेल तर ते बरोबर १८ युनिट होतात. तेच कार्ट्रिजमधले असेल तर ४५ होतात. सिरिंज दोन्ही वेळा दिसायला सारखीच दिसते, आणि ३०/७० मिश्रणाचा दुधी रंगही सारखाच असतो.

आता घटना. संध्याकाळची पाळी संपत आलेली, पुरुषांचा मेडिसिन वॉर्ड. बासष्ट वर्षांच्या एका रुग्णाला रात्रीच्या जेवणाआधी ३०/७० मिश्र इन्सुलिन १८ युनिट लिहिलेले आहे. वॉर्डातली व्हायल दुपारीच संपली, नवीन यायची आहे. फ्रिजमध्ये रुग्णाच्या घरून आलेले, त्याच कंपनीचे, त्याच ३०/७० मिश्रणाचे कार्ट्रिज आहे. पेन मात्र घरीच राहिला आहे. सिस्टर ट्रेमधली लाल टोपीची सिरिंज घेते, कार्ट्रिजच्या रबरात सुई घालते आणि १८ च्या रेघेपर्यंत भरते. दुसऱ्या सिस्टरला दाखवते. दुसरी चार्ट बघते, रेघ बघते, ‘बरोबर’ म्हणते. सही करता करता तिला आठवते की नवीन बाटली उघडली असेल तर उघडल्याची तारीख टाकायची आहे. ती बाटली मागते. हातात येते ते कार्ट्रिज, आणि त्यावर छापलेले असते ‘१०० आययू/एमएल’.

अहवालात सगळ्यात जास्त जपायचा तपशील हाच आहे, आणि नेमका तोच गळतो. ‘दुहेरी तपासणीत चूक लक्षात आली’ असे लिहिले की वाचणाऱ्याला वाटते, व्यवस्था चोख आहे, नियमाने काम केले. प्रत्यक्षात दुहेरी तपासणी पार पडली होती आणि डोस तिच्यातून सुटला होता. अडला तो तारीख टाकायच्या निमित्ताने. बाटली आधीपासूनच उघडलेली आहे असे दुसऱ्या सिस्टरने गृहीत धरले असते, तर ४५ युनिट रुग्णाच्या पोटात टोचले गेले असते. चूक कशी झाली, हा प्रश्न सगळेच विचारतात. ती अडली कशी, आणि उद्या तशीच अडेल का, हा प्रश्न निअर मिसच्या अहवालाचा खरा गाभा आहे. अडण्याचे कारण नियम असेल तर तो नियम टिकवायचा. कारण योगायोग असेल तर तिथे काहीच अडसर नाही असे समजून पुढचे सगळे करायचे.

लिहिण्याआधी हाताशी असलेला पुरावा सांभाळायचा. भरलेली सिरिंज सवयीने लगेच सुई तोडून लाल पिशवीत जाते. ती आधी टोपी न लावता किडनी ट्रेमध्ये बाजूला ठेवावी, तिच्यावर ‘वापरू नये’ अशी पट्टी लावावी आणि कार्ट्रिजशेजारी ठेवून एक फोटो काढावा. फोटोत रेघ, टोपीचा रंग आणि लेबलवरची ताकद तिन्ही दिसली पाहिजेत. रुग्णाचे नाव दिसता कामा नये. सिरिंजमधले इन्सुलिन परत कार्ट्रिजमध्ये ढकलायचे नाही. आणि थोडेसेही औषध टोचले गेले असेल, तर ही निअर मिस उरत नाही. मग अहवाल बाजूला, आधी डॉक्टरांना बोलावणे, साखर तपासणे आणि ती पडणार नाही याची तजवीज करणे.

घटना घडल्यावर पाळी संपण्याआधी पहिली नोंद व्हायला हवी. दुसऱ्या दिवशी लिहायला बसले की आठवणी एकमेकींत मिसळतात, आणि चहाच्या वेळी झालेल्या चर्चेतले तर्क डोळ्यांनी पाहिल्यासारखे कागदावर उतरतात. पहिल्या नोंदीत फक्त वेळा, वस्तू आणि आकडे असले तरी पुरे. वेळ कुठून घेतली तेही लिहावे, कारण वॉर्डातले घड्याळ, मोबाईल आणि फार्मसीच्या बिलावरची वेळ यांत पाच-सात मिनिटांचा फरक सहज असतो.

त्या नोंदीवरून तयार होणारा अहवाल साधारण असा दिसेल:

> ‘पुरुष मेडिसिन वॉर्ड, संध्याकाळची पाळी. वॉर्डात २६ रुग्ण, दोन परिचारिका. वेळा वॉर्डातील घड्याळानुसार.
>
> वय ६२ वर्षे असलेल्या रुग्णास रात्रीच्या जेवणापूर्वी मिश्र इन्सुलिन ३०/७०, १८ युनिट, त्वचेखाली, असा आदेश होता. ट्रीटमेंट चार्टवर इन्सुलिनची ताकद लिहिलेली नव्हती. जेवणापूर्वीची साखर ७.३० वाजता २१२ होती.
>
> वॉर्डातील ३०/७० ची व्हायल (४० आययू/एमएल) दुपारी २.३० वाजता संपली. ३.१० वाजता फार्मसीकडे मागणी पाठवली. ७.४० पर्यंत व्हायल आलेली नव्हती. फ्रिजमधील औषधांच्या ट्रेमध्ये रुग्णाच्या घरून आणलेले ३०/७० चे कार्ट्रिज (१०० आययू/एमएल) होते. पेन वॉर्डात नव्हता.
>
> ७.४० वाजता परिचारिका ‘क’ यांनी लाल टोपीच्या, ४० च्या सिरिंजमध्ये कार्ट्रिजमधून १८ च्या रेघेपर्यंत इन्सुलिन भरले. भरलेले आकारमान ०.४५ एमएल, म्हणजे ४५ युनिट. आदेश १८ युनिटचा होता.
>
> ७.४३ वाजता परिचारिका ‘ख’ यांनी चार्ट आणि सिरिंजवरील रेघ पाहून दुहेरी तपासणी केली. या वॉर्डात तपासणीच्या वेळी बाटली दाखवण्याची पद्धत नाही. तपासणीत फरक आढळला नाही. त्यानंतर उघडल्याची तारीख टाकण्यासाठी ‘ख’ यांनी बाटली मागितली. कार्ट्रिजवरील ताकद वाचून त्यांनी डोस थांबवला. इन्सुलिन टोचले गेले नाही.
>
> ७.४५ वाजता आरएमओंना कळवले. ८.०५ वाजता फार्मसीतून ४० आययू/एमएलची व्हायल आली. ८.१० वाजता त्या व्हायलमधून १८ युनिट देण्यात आले. ७.५० वाजता आलेले जेवण ८.३० वाजता देण्यात आले. रात्री १० आणि २ वाजता साखर तपासली. १६८ आणि १४१.
>
> रुग्णास आणि त्यांच्या मुलीस ८.१५ वाजता घटना सांगितली. घरी कार्ट्रिज फक्त पेनमधूनच वापरले जाते असे त्यांनी सांगितले.’

यात ‘निष्काळजी’ नाही, ‘गडबडीत’ नाही, ‘दुर्दैवाने’ही नाही. तरीही ज्याने तो वॉर्ड कधी पाहिलेला नाही त्यालाही ट्रॉली, फ्रिज आणि दोघी सिस्टर डोळ्यांसमोर आणता येतात. चांगला अहवाल ओळखायची खूण हीच: अनोळखी माणसाने तो वाचून घटना पुन्हा मांडून दाखवावी, आणि मांडताना त्याला एकही प्रश्न विचारावा लागू नये.

काही वाक्यांकडे जवळून पाहण्यासारखे आहे. ‘१८ ऐवजी ४५ युनिट भरले’ एवढेच लिहिले असते तर वाचणाऱ्याला वाटले असते की सिस्टरने रेघ चुकीची वाचली, आणि चष्म्यापासून उजेडापर्यंत भलत्याच गोष्टींची चौकशी सुरू झाली असती. रेघ बरोबर होती. रेघेचा अर्थ बदलला होता. म्हणून रेघ, एमएल आणि युनिट हे तिन्ही आकडे लागतात. हेप्यारिन, पोटॅशियम, लहान मुलांचे पॅरासिटामॉलचे थेंब, कुठल्याही औषधाच्या डोसच्या अहवालात ही तिन्ही अंगे असावीत: द्यायचे किती होते, भरले किती, आणि मूळ द्रवाची ताकद किती होती.

ठपका टाळायचा म्हणून लिहिणारे बहुधा कर्मणी प्रयोगाचा आसरा घेतात. ‘इन्सुलिन भरले गेले’, ‘तपासणी करण्यात आली’, ‘चूक निदर्शनास आली’. सरकारी पत्रव्यवहारात ही भाषा अंगवळणी पडलेली असते. तिच्यामुळे ठपका जातो हे खरे, पण माणूसही जातो आणि त्याच्याबरोबर कृतीही. कुणी भरले आणि कुणी तपासले ही दोन वेगळी माणसे होती की एकच, हेच कळेनासे होते. माणसे राहू द्यावीत, नावे काढावीत: परिचारिका ‘क’, परिचारिका ‘ख’, आरएमओ, फार्मासिस्ट. ‘क यांनी भरले’ या वाक्यात आरोप नाही. आरोप येतो तो विशेषणातून आणि क्रियाविशेषणातून: घाईने, दुर्लक्षाने, न बघता. हे शब्द म्हणजे निरीक्षण नव्हेच. ते लिहिणाऱ्याचे मत आहे. त्यामागे जी वस्तुस्थिती असेल ती लिहावी. ‘गडबडीत’ लिहिण्याऐवजी ‘२६ रुग्ण, दोन परिचारिका’ लिहिले की वाचणारा गडबड स्वतः ओळखतो.

दुसरा चोर म्हणजे ‘हवे होते’. ‘सिस्टरने लेबल वाचायला हवे होते.’ वाक्य खरे आहे, आणि निरुपयोगी आहे. घडून गेल्यावर सगळेच स्पष्ट दिसते. त्या वेळी क यांच्यासमोर काय होते हे त्या वाक्यातून कळत नाही. त्यांच्यासमोर होते तेच कंपनीचे नाव, तेच मिश्रण, तोच रंग, ताकद न लिहिलेला चार्ट, आणि ट्रेमध्ये नेहमी असते ती लाल टोपीची सिरिंज. ‘त्या वेळी हे करणे त्यांना बरोबर का वाटले?’ हा प्रश्न विचारला की उत्तरात माणसाचे दोष येत नाहीत, वस्तू येतात. आणि वस्तू बदलता येतात. आणखी एक सोपी परीक्षा आहे. क यांच्या जागी त्याच वॉर्डातली दुसरी, अनुभवी सिस्टर कल्पावी. तिच्याकडूनही हेच घडू शकले असते असे सहकाऱ्यांना वाटत असेल, तर ‘समज दिली’ या उपायाचा काही उपयोग नाही हे वेगळे सांगायला नको.

एकसारख्या दिसणाऱ्या बाटल्यांपुढे चांगली माणसे कशी हरतात, याचा दाखला अमेरिकेतल्या हेप्यारिनच्या दोन घटनांत आहे. २००६ मध्ये इंडियानापोलिसच्या एका रुग्णालयात नवजात बाळांची नळी साफ ठेवण्यासाठी दर एमएलला १० युनिटचे हेप्यारिन वापरायचे होते. कपाटात आले दर एमएलला १०,००० युनिटचे. तीन बाळे दगावली. दोन्ही बाटल्यांवर निळ्या छटेची लेबले होती. पुढच्याच वर्षी लॉस एंजेलिसमध्ये अभिनेते डेनिस क्वेड यांच्या जुळ्या बाळांच्या बाबतीत नेमकी हीच अदलाबदल झाली. ती बाळे सुदैवाने वाचली. माणसे वेगळी, शहर वेगळे, बाटल्यांची जोडी तीच. म्हणून लेबलांचा फोटो अहवालाला जोडावा, आणि दोन वस्तूंत काय सारखे होते ते शब्दांतही लिहावे.

अहवालात काय लिहू नये, तेही महत्त्वाचे. चौकशीला बसले की वॉर्डातल्या सगळ्या जुन्या तक्रारी वर येतात. वरच्या उदाहरणात चार्टवर ‘१८’ पुढे ‘युनिट’ हा शब्द पूर्ण न लिहिता नुसते इंग्रजी अक्षर यू जोडलेले असते, तरी ते या घटनेचे कारण ठरले नसते. ते अक्षर शून्यासारखे वाचले जाऊन १८ चे १८० होऊ शकतात, हा धोका खराच आहे आणि त्याची वेगळी नोंद जरूर करावी. पण या अहवालात तो घुसवला की कारणांची यादी लांबते आणि खरी कारणे तिच्यात हरवतात. इथली कारणे मोजकीच आहेत: व्हायल साडेपाच तास वॉर्डात नव्हती, घरचे कार्ट्रिज वॉर्डाच्या औषधांत मिसळले होते, चार्टवर ताकद नव्हती, आणि दुहेरी तपासणीत बाटली येत नव्हती.

‘रुग्णास त्रास नाही’ या वाक्यापाशीही थांबायला हवे. प्रत्यक्ष इजा आणि संभाव्य इजा या दोन वेगळ्या ओळी आहेत. अमेरिकेतील एनसीसी मर्प या परिषदेने औषधचुकांचे ए ते आय असे नऊ वर्ग पाडले आहेत आणि ते जगभर वापरले जातात. चूक घडली पण रुग्णापर्यंत पोहोचली नाही, तर ती ‘बी’ वर्गात जाते. आपली घटना ‘बी’च. पण वर्ग इजा सांगतो, धोका सांगत नाही. म्हणून पुढची ओळ लिहायची: डोस गेला असता तर २७ युनिट जास्त गेले असते, रात्री रुग्ण झोपलेला असताना साखर धोकादायक पातळीपर्यंत घसरण्याची शक्यता होती, आणि पुढची नेमाने होणारी तपासणी पहाटे सहाची होती. एवढे वाचले की ‘बी’ वर्गातल्या चाळीस नोंदींपैकी आधी कुठली हाती घ्यायची ते क्वालिटी विभागाला कळते. इथे अतिशयोक्ती नको. ‘रुग्ण दगावला असता’ हे भाकीत आहे. जे औषधाच्या गुणधर्मावरून सांगता येते तेवढेच सांगावे. जेवण चाळीस मिनिटे उशिरा मिळाले, ते मात्र रुग्णाच्या वाट्याला खरेच आले. तेही लपवू नये.

रुग्णाच्या इंडोर केस पेपरवर काय जावे? उपचाराशी संबंधित तेवढे सगळे: आठ दहाला १८ युनिट दिले, व्हायल उपलब्ध नसल्याने उशीर झाला, घरच्या कार्ट्रिजमधून सिरिंजमध्ये भरलेला डोस देण्याआधी रद्द केला, रात्री दोनदा साखर तपासली. वॉर्डाच्या पद्धतीची चिकित्सा, कारणे आणि उपाय केस पेपरवर नकोत. त्यांची जागा घटना-अहवालाच्या फॉर्मवर. उलट, फॉर्म भरला म्हणून केस पेपर कोरा ठेवणे ही त्याहून मोठी चूक.

आता उपायांचा रकाना. बहुतेक अहवाल इथे येऊन ढेपाळतात. ‘सर्व स्टाफला सूचना दिल्या’, ‘प्रशिक्षण घेण्यात येईल’, ‘अधिक दक्षता घ्यावी’. हे उपाय माणसाच्या स्मरणावर उभे असतात, आणि आठ तासांच्या पाळीच्या शेवटी स्मरण हीच सगळ्यात दमलेली गोष्ट असते. जे उपाय वस्तू हलवतात ते जास्त टिकतात. इथे पहिला उपाय फ्रिजचा: घरून आलेली पेन आणि कार्ट्रिजे रुग्णाच्या नावाच्या वेगळ्या बंद डब्यात, आणि पेन नसेल तर कार्ट्रिज वॉर्डात ठेवायचेच नाही, नातेवाइकांकडे परत द्यायचे. कार्ट्रिजमध्ये सिरिंजची सुई घालायची नाही, हा नियम ताकद जुळत असली तरीही पाळायचा. एक तर आत हवा शिरून पुढचे पेनमधले डोस कमी पडू शकतात; शिवाय एकदा सवय लागली की हातात लाल टोपी आहे की नारिंगी, हे दर वेळी पाहिले जाईलच असे नाही.

दुसरा उपाय तपासणीचा. दुसऱ्या सिस्टरला सिरिंज, चार्ट आणि बाटली अशा तिन्ही गोष्टी एकत्र दाखवायच्या, आणि तिने लेबलवरची ताकद मोठ्याने वाचायची. योगायोगाने घडलेली गोष्ट अशी पद्धतीत आणायची. तिसरा फार्मसीचा: ३०/७० ची शेवटची व्हायल फोडली की मागणी जावी, संपल्यावर नव्हे. चौथा चार्टचा: इन्सुलिनचे नाव, ताकद आणि ‘युनिट’ हा पूर्ण शब्द. प्रत्येक उपायापुढे जबाबदार व्यक्तीचे पद, तारीख आणि ‘झाले हे कसे कळणार’ असा रकाना असावा. ‘फ्रिज इन्चार्ज सिस्टरने १५ दिवसांनी पाहिला, सुटे कार्ट्रिज आढळले नाही’ ही ओळ आली की मगच तो उपाय झाला असे धरावे.

छोट्या नर्सिंग होममध्ये रात्री एकच सिस्टर आणि एक मावशी असते. तिथे दुहेरी तपासणी कागदावरच राहणार, हे मान्य करून लिहिलेले बरे. अशा ठिकाणी पहिल्या आणि तिसऱ्या उपायावर सगळा भर टाकावा: एकच ताकद, एकच प्रकारची सिरिंज, आणि व्हायल कधीच संपू न देणे. ज्या रुग्णाला शुद्ध आहे त्याला किंवा नातेवाइकाला ‘घरी किती पॉइंट घेता?’ असे विचारल्यानेही कधी कधी मोठी तफावत उघडी पडते. पण त्याला तपासणी म्हणू नये.

नावे काढली तरी लिहिणाऱ्याला भीती असतेच, आणि ती खोटी नाही. जिथे अहवालानंतर मेमो मिळतो तिथे दुसरा अहवाल येत नाही. विमानवाहतुकीने हा धडा फार महागात घेतला. १ डिसेंबर १९७४ रोजी वॉशिंग्टनच्या डलस विमानतळाकडे उतरताना ट्रान्स वर्ल्ड एअरलाइन्सचे ५१४ क्रमांकाचे विमान व्हर्जिनियातल्या डोंगरावर आदळले आणि आतले सर्व ९२ जण मरण पावले. तपासात कळले की सहाच आठवडे आधी युनायटेडच्या एका विमानाच्या वैमानिकांनी उतरण्याच्या त्याच सूचनेचा तसाच अर्थ लावला होता आणि ते डोंगराला थोडक्यात चुकवून गेले होते. त्यांनी आपल्या कंपनीला कळवले, कंपनीने आपल्या वैमानिकांना सांगितले. टीडब्ल्यूएच्या वैमानिकांपर्यंत ते पोहोचलेच नाही. १९७६ मध्ये अशा घटना गोळा करणारी व्यवस्था सुरू झाली, तेव्हा ती दंड करणाऱ्या खात्याकडे न ठेवता नासाकडे सोपवण्यात आली, आणि नोंदीतून नाव पुसण्याची पद्धत ठेवली गेली.

रुग्णालयाच्या पातळीवर याचा अर्थ साधा आहे. फॉर्म मेट्रन ऑफिसच्या शिस्तीच्या फायलीत जाऊ नये. तो क्वालिटी विभागाकडे किंवा औषध-सुरक्षा समितीकडे जावा आणि वेतनवाढीच्या गोपनीय अहवालाशी त्याचा संबंध नसावा. एनएबीएच मान्यता असलेल्या रुग्णालयांना घटनांची नोंद आणि विश्लेषण करावेच लागते, त्यामुळे फॉर्म असतो. तो कुठे जातो हे मात्र प्रत्येक ठिकाणी विचारून घ्यावे. ठपका नाही याचा अर्थ सगळे माफ असाही नाही. दारू पिऊन ड्यूटीवर येणे, नोंदी जाणूनबुजून बदलणे, असल्या गोष्टी शिस्तीच्या मार्गानेच जातात, आणि त्या या फॉर्मवर मिसळल्या की फॉर्मवरचा विश्वास उडतो.

शेवटी अहवाल परत वॉर्डात यायला हवा. क आणि ख या दोघींनी मसुदा वाचून ‘असेच घडले’ म्हणणे हा त्यातला एक भाग. तो वाचताना क यांना मान खाली घालावी लागली, तर मसुद्यात अजून कुठेतरी एखादे विशेषण राहिले आहे. दुसरा भाग ओव्हर देण्याच्या वेळचा. आठ दिवस प्रत्येक पाळीला दोन मिनिटे काढून फोटो दाखवायचा: लाल टोपीची सिरिंज, शेजारी कार्ट्रिज, रेघ १८ ची, आत युनिट ४५. शेजारच्या सर्जिकल वॉर्डालाही तोच फोटो पाठवायचा, आणि त्यांच्या फ्रिजमध्ये सुटे कार्ट्रिज आहे का ते त्याच दिवशी बघून यायचे.